शेअरच्या बदल्यात शेअर: नफ्याच्या वाट्यावरून एक्स्चेंज रेशो कसा काढायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालच्या बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण आहे, म्हणजे दरवेळी नवे आकडे डोक्यात घ्यायला नकोत. मोठी कंपनी अ, तिचे ४ कोटी शेअर आणि वर्षाचा करानंतरचा नफा ६० कोटी रुपये. छोटी कंपनी ब, तिचे दीड कोटी शेअर आणि नफा २० कोटी. ब ही अ मध्ये विलीन होणार, रोख पैसे कुणालाच नाहीत, बच्या शेअरहोल्डरना अचे नवे शेअर मिळणार. बच्या एका शेअरमागे अचे किती शेअर द्यायचे, तोच एक्स्चेंज रेशो. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. खरी केस एचडीएफसीची, ती पुढे येते.

नफ्याचा वाटा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

दोघांचा नफा एकत्र केला तर ८० कोटी होतो, त्यातले २० कोटी बचे, म्हणजे २५ टक्के. या पद्धतीचं म्हणणं इतकंच आहे की जो एकत्र कंपनीच्या नफ्यात चतुर्थांश भर घालतोय त्याला एकत्र कंपनीची चतुर्थांश मालकी मिळावी. आधी मालकीचा वाटा ठरतो, मग त्यावरून नवे शेअर किती काढायचे ते, आणि सगळ्यात शेवटी रेशो. बातमीत फक्त रेशो छापून येतो म्हणून लोक त्याच्यावरच भांडत बसतात, पण खरं भांडण पहिल्या पायरीवर असतं, की २० कोटी हा आकडा आला कुठून.

मग रेशो कसा निघतो? पायऱ्या सांगा.

इथे जवळजवळ प्रत्येकजण पहिल्यांदा एकच चूक करतो. अचे ४ कोटी शेअर आहेत, बला २५ टक्के द्यायचेत, मग ४ कोटीचे २५ टक्के म्हणजे १ कोटी नवे शेअर काढा, असं वाटतं. पण १ कोटी नवे काढले की एकूण शेअर होतात ५ कोटी, आणि ५ कोटीत १ कोटी म्हणजे २० टक्केच. बच्या लोकांचे पाच टक्के कुठेतरी हरवले. वाटा मोजायचा तो विलीनीकरणानंतरच्या एकूण शेअरवर, म्हणून जुन्या शेअरला नफ्यांच्या गुणोत्तराने गुणायचं:

```
नवे शेअर = अचे शेअर × (बचा नफा ÷ अचा नफा)
         = ४ कोटी × (२० ÷ ६०) = १.३३३३ कोटी

रेशो     = नवे शेअर ÷ बचे जुने शेअर
         = १.३३३३ ÷ १.५ = ०.८८८९  (म्हणजे ९ ला ८)
```

बच्या दर ९ शेअरमागे अचे ८ शेअर. विलीनीकरणानंतर एकूण ५.३३३३ कोटी शेअर, त्यातले १.३३३३ कोटी बच्या लोकांकडे, बरोबर २५ टक्के.

पडताळा घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे ईपीएस, प्रतिशेअर नफा. अचा ईपीएस ६० भागिले ४ म्हणजे १५ रुपये, बचा २० भागिले १.५ म्हणजे १३.३३ रुपये, आणि १३.३३ ला १५ ने भागा, तोच ०.८८८९ येतो. म्हणजे नफ्याच्या वाट्यावरून काढलेला रेशो आणि दोघांच्या ईपीएसचं गुणोत्तर ही एकच गोष्ट आहे. दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर कुठेतरी शेअरची संख्या चुकीची घेतलीय असं समजा, बहुतेक वेळा तेच असतं.

या रेशोने कुणाचा फायदा होतो?

कुणाचाच नाही, कुणाचा तोटाही नाही. एकत्र नफा ८० कोटी, शेअर ५.३३३३ कोटी, ईपीएस पुन्हा १५ रुपयेच. अच्या शेअरहोल्डरचा आधी १५ होता आताही १५. बच्या ९ शेअरवाल्याच्या नावावर आधी ९ गुणिले १३.३३ म्हणजे १२० रुपये नफा होता, आता ८ गुणिले १५ म्हणजे १२० च. म्हणून मला हा रेशो सुरुवातीचा मुद्दा म्हणून आवडतो, वाटाघाटीत कोण कुणाला किती देतंय हे याच्यापासूनचं अंतर मोजून लगेच कळतं.

बचा प्रमोटर म्हणतो आमची वाढ जास्त आहे, आम्हाला २५ टक्के कमी आहेत. बरोबर आहे का त्याचं?

असू शकतं. नुसत्या नफ्यावरून वाटा काढताना आपण न बोलता एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की दोन्ही कंपन्यांच्या एक रुपया नफ्याची किंमत सारखीच, म्हणजे दोघांचा पीई, कंपनीची किंमत नफ्याच्या किती पट ते, एकच. बचा नफा झपाट्याने वाढत असेल, किंवा त्यात जोखीम कमी असेल, तर बाजार त्या रुपयाला जास्त भाव देईल.

समजा अला पीई १२ आणि बला १५ मान्य झाला. मग अची किंमत ७२० कोटी, बची ३०० कोटी, बचा वाटा ३०० भागिले १,०२० म्हणजे २९.४ टक्के. प्रतिशेअर बघितलं तर अ १८० रुपये, ब २०० रुपये, रेशो ९ ला १०. आता ९ ला ८ च्या जागी ९ ला १० झाल्यावर काय होतं ते बघा. नवे शेअर १.६६६७ कोटी, एकूण ५.६६६७ कोटी, नफा तोच ८० कोटी, ईपीएस १४.१२. अचा शेअरहोल्डर १५ वरून १४.१२ वर आला. बच्या ९ शेअरवाल्याचे १२० चे १४१ रुपये झाले. एकूण साडेतीन कोटींचा नफा दरवर्षी अच्या खिशातून बच्या खिशात गेला, तोही वाढ प्रत्यक्षात दिसायच्या आधी.

हे चूकच आहे असं मी म्हणत नाही. पण अच्या बोर्डाने मग विचारायला हवं की बची वाढ खरंच टिकणार का, आणि ती किती वर्षांत हे अंतर भरून काढेल.

सिनर्जी, म्हणजे एकत्र आल्याने होणारी बचत, ती कुणाच्या वाट्यात धरायची?

वाटा काढताना कुणाच्याच नाही. ती बचत दोघं एकत्र आल्याशिवाय होतच नाही, त्यामुळे ती एकट्या बची भर म्हणता येत नाही आणि एकट्या अचीही नाही. ठरलेल्या मालकीप्रमाणे ती आपोआप वाटली जाते, ८ कोटी वाचले तर ७५-२५ मध्ये ६ कोटी अच्या लोकांना आणि २ कोटी बच्या लोकांना.

सिनर्जीचा खरा उपयोग उलट बाजूने होतो. वरच्या ९ ला १० च्या रेशोत अचा ईपीएस परत १५ वर यायला एकूण नफा ५.६६६७ गुणिले १५ म्हणजे ८५ कोटी लागतो, म्हणजे करानंतर वर्षाला निदान ५ कोटींची बचत व्हायला हवी. हा आकडा समोर ठेवा आणि मॅनेजमेंटला विचारा की हे ५ कोटी नेमके कुठून येणार, कोणतं गोदाम बंद होणार, कोणती खरेदी एकत्र होणार. उत्तर मोघम आलं तर रेशो महाग आहे.

बचा नफा २० कोटीच का धरला? नफा-तोटा पत्रकात तर २६ कोटी दिसतोय.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. समजा बने त्या वर्षी एक जुनी जमीन विकली आणि त्यातून करानंतर ६ कोटी आले. ती जमीन पुढच्या वर्षी परत विकता येणार नाही, मग तो नफा वाट्यात कसा धरायचा? धरला तर बचा वाटा २६ भागिले ८६ म्हणजे ३०.२ टक्के होतो, नवे शेअर १.७३ कोटी काढावे लागतात, १.३३ च्या जागी. म्हणजे एका वेळच्या ६ कोटींसाठी अच्या लोकांनी ४० लाख शेअर कायमचे जास्त दिले. (जमिनीचे पैसे अजून बँकेत पडून असतील तर त्यांचा विचार वेगळा, जादा रोकड म्हणून, पण नफा म्हणून नाही.)

घरच्या मालकीच्या कंपन्यांत अजून एक जागा बघायची, ती म्हणजे प्रमोटरचा पगार. काही ठिकाणी वडील आणि दोन मुलं पूर्णवेळ काम करतात आणि नावाला पगार घेतात, कारखान्याची जागाही घरातल्याच कुणाच्या नावावर आणि भाडं किरकोळ. विलीनीकरणानंतर त्यांच्या जागी पगारी मॅनेजर येणार, भाडं बाजारभावाने द्यावं लागणार, मग तो नफा आधीच कमी करून घ्यायला हवा. उलटही असतं, घरचे खर्च कंपनीत टाकलेले असतात आणि खरा नफा जास्त असतो. दोन्ही कंपन्यांना एकच नियम लावायचा, घसारा एकाच पद्धतीने, कराचा दर एकाच पायावर, वर्षअखेर एकच. एकाने २५.१७ टक्क्यांचा कराचा पर्याय घेतलाय आणि दुसऱ्याने घेतलेला नाही, तर करानंतरच्या नफ्याची सरळ तुलना फसवी ठरते.

कोणत्या वर्षाचा नफा घ्यायचा?

इथे प्रत्येक बाजू आपल्या सोयीचं वर्ष घेऊन येते. समजा अचे तीन वर्षांचे नफे ५८, ६१, ६० आणि बचे १२, १६, २०. मग बचा वाटा पहिल्या वर्षी १७ टक्के, दुसऱ्या वर्षी जवळजवळ २१, तिसऱ्या वर्षी २५. तीन वर्षांची साधी सरासरी घेतली तर २१, आणि अलीकडच्या वर्षाला जास्त वजन देऊन १-२-३ असं भारित केलं तर साडेबावीसच्या आसपास. अ म्हणणार सरासरी घ्या, ब म्हणणार शेवटचं वर्ष घ्या, किंवा त्याहून पुढे जाऊन पुढच्या वर्षाचा अंदाज घ्या.

मी तरी असं बघतो की नफा वरखाली होत असेल, म्हणजे साखर, स्टील, केमिकलसारखा चक्री धंदा असेल तर सरासरी योग्य, कारण शेवटचं वर्ष चक्राच्या माथ्यावरचं असू शकतं. पण सरळ वाढत गेलेला धंदा असेल तर जुनी वर्षं मिसळून त्याला खाली ओढणं अन्यायाचं आहे. पुढच्या वर्षाचा अंदाज घ्यायचाच असेल तर दोघांचाही घ्या, एकाचा अंदाज आणि दुसऱ्याचा प्रत्यक्ष आकडा असं चालत नाही.

करानंतरचा नफा कशाला, ईबिटडावरून वाटा काढला तर?

काढता येतो, पण कर्ज विसरायचं नाही. व्याज, कर आणि घसाऱ्याच्या आधीचा नफा म्हणजे ईबिटडा, त्याच्यावर शेअरहोल्डरच्या आधी बँकेचा हक्क असतो. समजा अचा ईबिटडा ११० कोटी आणि कर्ज १०० कोटी, बचा ईबिटडा ३० कोटी आणि कर्ज शून्य. सरळ वाटा काढला तर बचे ३० भागिले १४०, २१.४ टक्के. पण दोघांना ईबिटडाच्या ८ पट किंमत दिली तर अ ८८० वजा कर्ज १०० म्हणजे ७८० कोटी, ब २४० कोटी, आणि बचा वाटा २३.५ टक्के होतो. कर्ज न वजा करता २१.४ वर सही केली तर बिनकर्जी कंपनीच्या लोकांनी दुसऱ्याच्या कर्जाचा भार फुकट उचलला असं होईल.

ईसॉप आणि कन्व्हर्टिबल धरायचे का?

हो, दोन्ही कंपन्यांचे. ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्यांना पुढे शेअर घ्यायचा दिलेला हक्क, कन्व्हर्टिबल म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणारे रोखे. बमध्ये कर्मचाऱ्यांना दिलेले १० लाख ऑप्शन असतील आणि ते शेअर होणारच असतील तर बचे शेअर १.५ नाही, १.६ कोटी. बच्या सगळ्यांना मिळून मिळणारे १.३३३३ कोटी शेअर तेवढेच राहतात, फक्त ते जास्त जणांत वाटले जातात, रेशो ९ ला ८ चा ६ ला ५ होतो. (ऑप्शनच्या बदल्यात कर्मचारी जे पैसे भरतील ते इथे सोपं राहावं म्हणून सोडलेत.) हे आधी धरलं नाही तर नंतरचा भार अवर पडतो, कारण ठरल्यापेक्षा जास्त शेअर काढावे लागतात.

२५ टक्के की २९ टक्के, एवढा फरक पडतो का खरंच?

नफ्याच्या हिशेबात चार टक्के वाटतात, पण मतदानात फार मोठा फरक आहे. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट लागतात. बच्या सगळ्यांकडे मिळून बरोबर २५ टक्के असतील आणि ते एकजुटीने विरोधात गेले तरी ७५ विरुद्ध २५ ने ठराव पास होतो. २५ च्या वर एक जरी शेअर गेला तरी ते विशेष ठराव अडवू शकतात. म्हणून या रेषेच्या आसपास वाटाघाटी अडकल्या की कारण बहुतेक वेळा नफ्याचं नसतं, व्हेटोचं असतं.

दुसऱ्या टोकाला अचा प्रमोटर. त्याच्याकडे अचे ६० टक्के होते, २५ टक्के नवे मालक आले की त्याचे राहतात ६० गुणिले ०.७५, म्हणजे ४५ टक्के. साधं बहुमत गेलं. हा हिशेब तो रेशोवर बोलायच्या आधीच करून आलेला असतो. हिंदुस्थान लिव्हर आणि टाटा ऑइल मिल्स, म्हणजे टॉम्को, यांच्या विलीनीकरणात हे उघड दिसलं, नव्या शेअरमुळे लिव्हरची मूळ कंपनी युनिलिव्हर हिचा वाटा ५१ टक्क्यांखाली गेला असता म्हणून विलीनीकरणाच्या त्याच योजनेत, म्हणजे स्कीममध्ये, युनिलिव्हरला वेगळे शेअर देऊन तो ५१ वर ठेवण्याची सोय केलेली होती.

एचडीएफसी आणि एचडीएफसी बँकेत हे कसं बसतं? नफा बँकेचा एवढा मोठा, मग एचडीएफसीवाल्यांना ४१ टक्के कसे?

हा प्रश्न मला खूप जणांनी विचारलाय आणि प्रश्न अगदी योग्य आहे. गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन होणार अशी घोषणा ४ एप्रिल २०२२ ला झाली, १ जुलै २०२३ पासून विलीनीकरण लागू झालं, रेशो एचडीएफसी लिमिटेडच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२. २०२१-२२ चे नुसते कंपनीचे, म्हणजे स्टँडअलोन, नफे बघितले तर बँक ३६,९६१ कोटी आणि एचडीएफसी १३,७४२ कोटी. सरळ वाटा काढला तर एचडीएफसीचे २७ टक्के येतात. मग ४१ कुठून?

उत्तर आहे क्रॉस होल्डिंगमध्ये. एचडीएफसी गटाकडे आधीपासूनच बँकेचे सुमारे २१ टक्के शेअर होते. म्हणजे बँकेच्या नफ्यातले २१ टक्के, सुमारे ७,७६० कोटी, खरं तर एचडीएफसीच्याच शेअरहोल्डरचे. ते त्यांच्या बाजूला लिहा: १३,७४२ अधिक ७,७६० म्हणजे सुमारे २१,५०० कोटी, एकूण ५०,७०३ पैकी. आला ४२ टक्के. (बँकेकडून एचडीएफसीला मिळालेला डिव्हिडंड दोनदा मोजला जातो, पण तो या आकड्यांच्या मानाने लहान आहे, वाटा एखाद्या टक्क्यापलीकडे हलत नाही.)

शेअरच्या बाजूनेही बघा. बँकेचे ५५९.१८ कोटी शेअर होते, एचडीएफसीवाल्यांना ३११.०४ कोटी नवे दिले, आणि एचडीएफसी गटाकडचे ११६.४६ कोटी जुने शेअर रद्द झाले, कारण बँक स्वतःचेच शेअर स्वतःकडे ठेवू शकत नाही. उरले ७५३.७६ कोटी, त्यातले ३११.०४ म्हणजे ४१.३ टक्के. रद्द झालेले शेअर वजा करायला विसरलात तर ३५.७ टक्के येतात, आणि तेव्हा बरेच जण हाच चुकीचा आकडा घेऊन बसले होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवायला हवी. रेशो माझ्या या हिशेबावरून ठरला नाही, तो व्हॅल्युअरच्या रिपोर्टवरून ठरला आणि लिस्टेड कंपन्यांत बाजारभावाला मोठं वजन असतं. शिवाय एचडीएफसीखाली विमा आणि म्युच्युअल फंडासारख्या कंपन्या होत्या, त्यांचा बहुतेक नफा १३,७४२ मध्ये येतच नाही. तरी नफ्याचा वाटा ४२ आणि प्रत्यक्ष मालकी ४१ इतकी जवळ आली, यावरून एवढं म्हणता येतं की त्या रेशोत कुणाला नफ्याच्या मानाने डोळ्यात भरेल असं जास्त दिलेलं नव्हतं.

फेस व्हॅल्यू वेगळी असली तर रेशो बदलतो का?

नाही. एचडीएफसीचा शेअर २ रुपयांचा आणि बँकेचा १ रुपयाचा होता, त्याने मालकीच्या वाट्यात काहीच फरक पडत नाही. मोजायची ती शेअरची संख्या. फक्त मधे स्प्लिट किंवा बोनस झाला तर रेशो त्या प्रमाणात बदलावा लागतो.

एक कंपनी तोट्यात असेल तर?

मग ही पद्धत सोडून द्या. अ ६० कोटी नफ्यात आणि ब ५ कोटी तोट्यात असेल तर एकूण ५५, आणि अचा वाटा येतो १०९ टक्के, ज्याला काही अर्थच नाही. नफा अगदी थोडा असेल तरी तेच, २ कोटीचे ३ कोटी झाले की वाटा दीडपटीच्या आसपास उडी मारतो. तिथे मालमत्ता, विक्री किंवा पुढच्या रोख प्रवाहावर यावं लागतं.

बाजारभावावरूनच रेशो काढला तर एवढा खटाटोप कशाला?

दोन्ही कंपन्या लिस्टेड असतील तर बाजारभाव धरावाच लागतो, कुणी आपला शेअर बाजारापेक्षा फार कमी भावात देणार नाही. पण भाव आणि नफा यांच्यात मोठी दरी असेल तर थांबून बघायला हवं. अमेरिकेत जानेवारी २००० मध्ये इंटरनेट कंपनी एओएल आणि माध्यम कंपनी टाइम वॉर्नर यांचं विलीनीकरण जाहीर झालं तेव्हा एओएलच्या लोकांना ५५ टक्के मालकी मिळाली, धंदा टाइम वॉर्नरचा कितीतरी मोठा असूनही, कारण इंटरनेट शेअरचे भाव तेव्हा आभाळाला भिडले होते. नंतर भाव उतरले आणि २००२ मध्ये एकत्र कंपनीला जवळजवळ ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवावा लागला. बाजारभावाचा वाटा आणि नफ्याचा वाटा शेजारी शेजारी लिहिले असते तर फरक कुणालाही दिसला असता, मग तो फरक मान्य करायचा का हे तरी डोळे उघडे ठेवून ठरलं असतं.

रेशो चुकीचा वाटला तर कोर्टात जाता येतं का?

जाता येतं, पण नुसतं दुसऱ्या पद्धतीने वेगळा आकडा येतो एवढ्यावर काही होत नाही. टॉम्कोच्या प्रकरणात टॉम्कोच्या १५ शेअरमागे लिव्हरचे २ असा रेशो होता, उत्पन्न, मालमत्ता आणि बाजारभाव या तिन्ही पद्धती मिळून काढलेला. त्याला आव्हान दिलं गेलं, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्कीम कायम ठेवली. मान्य पद्धतींनी तज्ज्ञाने काढलेला आणि शेअरहोल्डरनी मोठ्या बहुमताने मंजूर केलेला रेशो न्यायालय स्वतः नव्याने मोजत बसत नाही. म्हणून जे विचारायचं ते मतदानाच्या आधी विचारा. व्हॅल्युएशन रिपोर्ट मागवा, त्यात नफ्याचं कोणतं वर्ष घेतलंय, एकवेळचे उत्पन्न काढलंय का, शेअरची संख्या ईसॉपसकट आहे का, आणि क्रॉस होल्डिंगचं काय केलंय हे बघा. स्कीम मंजूर व्हायला मूल्याने तीन चतुर्थांश मतं लागतात, त्यामुळे त्या टप्प्यावर नीट हिशेब मांडणाऱ्या शेअरहोल्डरांचा गट रेशो बदलायला भाग पाडू शकतो, नंतर ते फार अवघड होतं.